ओळी जुळल्या, लिटर जुळेनात

आमच्या जिल्ह्यातील एका सहकारी दूध संघाने दूध बिलाची प्रणाली बदलायचे ठरवले, तेव्हा जुन्या प्रणालीतील माहिती नव्या डेटाबेसमध्ये आणण्याचे काम आमच्याकडे आले. संपूर्ण जिल्हा एकदम न हलवता आधी ६२ प्राथमिक संस्थांचे, महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांचे संकलन नव्या प्रणालीत घ्यायचे आणि त्यावरून बिले काढून पाहायची, असे ठरले होते. संघात दूध बिल दर दहा दिवसांनी निघते. सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतो, प्रत्येक वेळी त्याची एक नोंद होते आणि तिच्यात संस्था, सभासद क्रमांक, तारीख, वेळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅटखेरीजचे घन पदार्थ, आणि पावती क्रमांक असतो. अशा सगळ्या नोंदी पाच टप्प्यांतून जाऊन शेवटी सभासदागणिक एक बिल तयार होते. माझ्याकडे काम होते ते प्रत्येक टप्प्यानंतर एकही नोंद गळाली नाही आणि एकही दुप्पट झाली नाही, हे आकड्यांनी दाखवून देण्याचे.

त्यासाठी आम्ही एक साधा नियंत्रण तक्ता ठेवला होता. टप्प्याचे नाव, आत आलेल्या ओळी, बाहेर पडलेल्या ओळी, बाजूला काढलेल्या ओळी, आणि या तिन्हींच्या लिटरची बेरीज, एवढेच त्याचे रकाने. बेरजेसाठी लिटर निवडण्यामागे कारण होते. नोंदीतील लिटर हा आकडा बिलापर्यंत कोणत्याही टप्प्यात बदलत नाही. दर बदलतो, रक्कम नव्याने तयार होते, पण लिटर मोजले गेले तसेच शेवटपर्यंत जातात. ज्या रकान्याला प्रक्रिया हातच लावत नाही, त्याचीच बेरीज ताळ्यासाठी घ्यावी, म्हणजे फरक पडला तर तो ओळींमुळेच पडला हे नक्की होते.

पहिल्या टप्प्यात ६२ संस्थांच्या फाइली जशाच्या तशा भरल्या. सर्व फाइलींत मिळून १,८६,४८२ ओळी होत्या, त्यातील प्रत्येक फाइलीची एक शीर्षकाची ओळ वजा केली की १,८६,४२० नोंदी उरतात, आणि तेवढ्याच तक्त्यात आल्या होत्या. लिटर ९,३२,६१४.५. हा आकडा आम्ही फाइलींतून काढलाच, पण प्रत्येक संस्थेच्या सचिवांनी सही करून दिलेल्या संकलन गोषवाऱ्याशीही ताडून पाहिला. फाइल जर मुळातच अर्धवट आली असेल, तर तिच्याशी केलेली तुलना कितीही जुळली तरी तिला काही अर्थ नसतो.

दुसरा टप्पा दुबार नोंदी काढण्याचा. एका संस्थेने एका संध्याकाळची फाइल दोनदा पाठवली होती. इथे `DISTINCT` वापरून सरळ सगळे एकसारखे काढून टाकण्याचा मोह होतो, पण पावती क्रमांक सोडून बाकीचे रकाने सारखे असणे म्हणजे दुबार नोंद नव्हे. एखादा सभासद एकाच वेळी दोन किटल्या आणतो, दोन्हींत पाच लिटर भरते आणि फॅटही सारखी लागते. त्या दोन खऱ्या नोंदी असतात. म्हणून पावती क्रमांकासह तुलना केली आणि ज्या २१४ नोंदी काढल्या, त्या पुसल्या नाहीत तर बाजूच्या तक्त्यात कारणासह ठेवल्या. पुढे गेलेल्या १,८६,२०६ आणि बाजूला काढलेल्या २१४ मिळून पुन्हा १,८६,४२० होतात. लिटरचेही तसेच, ९,३१,५७६.५ अधिक १,०३८.० म्हणजे ९,३२,६१४.५. गाळण्याच्या टप्प्यात ओळी कमी होणारच, त्यामुळे तिथे ताळा ‘आत बरोबर बाहेर’ असा नसून ‘आत बरोबर बाहेर अधिक बाजूला’ असा असतो.

तिसऱ्या टप्प्यात प्रत्येक नोंदीला सभासद यादीतून नाव आणि बँक खाते जोडायचे होते. तो टप्पा लिहिणारा माझा तरुण सहकारी सकाळीच येऊन म्हणाला, ‘‘सर, तिसरा टप्पा झाला. आत १,८६,२०६, बाहेर १,८६,२०६. दरपत्रक जोडायला घेऊ का?’’ मी लिटरचा रकाना उघडला, तर तिथे ९,३१,५०४.० असा आकडा होता. ७२.५ लिटर कमी. तो म्हणाला, ‘‘नऊ लाखांत बहात्तर लिटर म्हणजे दशांशाचा फरक असेल, सर.’’

हा खुलासा वरवर पटण्यासारखा आहे, म्हणूनच तो तपासून घ्यायला हवा. दशांशाचा फरक पडतो तो अपूर्णांकांवर गणित केल्यावर किंवा आकडे अंदाजी स्वरूपाच्या रकान्यात साठवल्यावर. आमचा रकाना `NUMERIC(8,1)` होता, म्हणजे एक दशांश स्थळापर्यंत अचूक, आणि तिसऱ्या टप्प्यात लिटरवर कसलेही गणित नव्हते. अशा ठिकाणी फरक शून्यच यायला हवा. अर्धा लिटरसुद्धा सूट देण्याला कारण नाही. ओळी तितक्याच राहून बेरीज बदलली असेल, तर काही ओळी गेल्या आहेत आणि त्यांच्या जागी बरोबर तितक्याच नको असलेल्या ओळी आल्या आहेत, एवढाच अर्थ निघत होता.

पहिल्या टप्प्यातच आम्ही प्रत्येक नोंदीला स्वतःचा अनुक्रमांक दिला होता. त्याचा उपयोग आता झाला.

```sql
SELECT COUNT(*)                AS oli,
       COUNT(DISTINCT nond_id) AS vegalya,
       SUM(liter)              AS liter
FROM   t3_sabhasad;
```

ओळी १,८६,२०६ आणि वेगळ्या नोंदी १,८६,१८६. म्हणजे वीस नोंदी आत येऊन बाहेर पडल्याच नव्हत्या आणि वीस ओळी कोणाच्या तरी प्रती होत्या. मग दोन्ही टप्प्यांचे आकडे संस्थेनुसार मांडून वजाबाकी केली. साठ संस्थांचा फरक शून्य आला. एका संस्थेत वीस ओळी आणि १४६.५ लिटर कमी होते, दुसऱ्या संस्थेत वीस ओळी आणि ७४.० लिटर जास्त. १४६.५ वजा ७४.० म्हणजे ७२.५, सकाळचा फरक पूर्णपणे उलगडला. फरकाचा हिशेब शेवटच्या दशांशापर्यंत लागल्याखेरीज शोध थांबवू नये, असे माझे मत आहे, कारण ‘बहुतेक हेच असावे’ म्हणून थांबलो की उरलेल्या फरकात दुसरी चूक लपून राहू शकते.

वीसच का, याचे उत्तर दूध संकलनातच आहे. खंड न पाडता एकाच जनावराचे दूध घालणाऱ्या सभासदाच्या दहा दिवसांत दोन वेळा धरून बरोबर वीस नोंदी होतात. त्यामुळे एक सभासद गळाला आणि दुसरा दुप्पट झाला, तर ओळींची संख्या फार सहज जुळते. जिथे प्रत्येकाच्या नोंदी ठरावीक संख्येने येतात, मग ती हजेरी असो वा मासिक हप्ते, तिथे हा योगायोग वाटतो तितका दुर्मीळ नाही.

गळालेला सभासद नवा होता. सभासद यादीची प्रत महिनाअखेरीस काढलेली होती आणि तो एक तारखेपासून दूध घालू लागला होता. जोडणी `INNER JOIN` ने केलेली असल्याने यादीत नाव नाही म्हटल्यावर त्याच्या नोंदी आवाज न करता गळून गेल्या. दुप्पट झालेल्या सभासदाचे प्रकरण वारस नोंदीचे होते. वडिलांच्या पश्चात तोच क्रमांक मुलाच्या नावे झाला, पण जुनी ओळ बंद न केल्यामुळे यादीत एकाच क्रमांकाची दोन चालू नावे होती आणि प्रत्येक नोंद दोघांनाही जोडली गेली. हिशेब विभागातील मॅडमना दाखवल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे एकाचं बिलच निघालं नसतं, आणि दुसरीकडे गेलेल्या माणसाच्या खात्यावर पैसे जमा झाले असते.’’ गायीच्या दुधाचा साधा दर धरला तरी पहिल्याचे चार-पाच हजार रुपये होते.

दुरुस्ती करताना जोडणी `LEFT JOIN` केली आणि यादीत न सापडलेली नोंद ‘नाव प्रलंबित’ म्हणून पुढे जाऊ दिली. त्याखेरीज जोडणीच्या आधी यादीची स्वतंत्र तपासणी घातली: संस्था आणि सभासद क्रमांक ही जोडी एकाहून अधिक वेळा आली, तर टप्पा सुरूच होणार नाही.

दरपत्रक जोडण्याच्या चौथ्या टप्प्यातही गडबड निघाली, पण ती इतकी उघड होती की वेळ लागला नाही. दरपत्रक सहा तारखेला बदलले होते, आणि जुन्या पत्रकाची अखेरची तारीखही सहाच लिहिलेली होती. `BETWEEN` दोन्ही टोके धरतो, म्हणून सहा तारखेच्या सर्व १८,६११ नोंदी दुप्पट होऊन ओळी २,०४,८१७ झाल्या. जुन्या पत्रकाची अखेर पाच केली आणि आकडा जागेवर आला. खरी धास्ती होती ती उलट प्रकाराची. फॅट किंवा एसएनएफ दरपत्रकाच्या कक्षेबाहेर असेल, तर `LEFT JOIN` मुळे ओळ राहते, लिटरही राहतात, फक्त दर रिकामा असतो. आणि `SUM` रिकाम्या किमती मुकाट्याने वगळतो. ओळी आणि लिटर दोन्ही जुळूनही बिल कमी येण्याची ही वाट आहे. म्हणून या टप्प्यावर `COUNT(*)` आणि `COUNT(dar)` समान आहेत का, हेही नियंत्रण तक्त्यात लिहू लागलो.

पाचव्या टप्प्यात सभासदागणिक बेरीज होते, तेव्हा ओळींची तुलना सरळ करता येत नाही. तिथे प्रत्येक बिलात ‘यात किती नोंदी आहेत’ असा रकाना ठेवला. त्या रकान्याची बेरीज १,८६,२०६ यायला हवी, लिटर ९,३१,५७६.५ यायला हवेत आणि बिलांची संख्या नोंदींतील वेगवेगळ्या सभासदांइतकी, म्हणजे ९,८७४, हवी. तिन्ही आले. रकमेच्या बाबतीत प्रत्येक नोंदीची रक्कम पैशापर्यंत पूर्णांकित करून मग बेरीज करायची, असे हिशेब विभागाकडून आधीच लेखी घेतले होते, कारण बेरीज करून मग पूर्णांकन केले तर उत्तर काही पैशांनी वेगळे येते आणि तो फरक पुढे गळतीसारखा दिसत राहतो.

या सगळ्यातून एक गोष्ट मात्र सिद्ध होत नाही. दोन सभासदांच्या नोंदींची आपसांत अदलाबदल झाली, तर ओळी, वेगळ्या नोंदी आणि एकूण लिटर हे सारे जुळूनही पैसे चुकीच्या घरी जातात. त्यासाठी दुबार नोंदी काढल्यानंतरचे, म्हणजे दुसऱ्या टप्प्यातून बाहेर पडलेले सभासदवार लिटर आणि अंतिम बिलातील सभासदवार लिटर समोरासमोर ठेवून ९,८७४ फरक काढले. सगळे शून्य होते. नव्या सभासदाचे बिल त्यात निघाले, मात्र बँक खाते नसल्याने ते प्रलंबित यादीत गेले, आणि मॅडमनी त्याच संध्याकाळी त्या संस्थेच्या सचिवांना फोन करून पासबुकाची प्रत मागवून घेतली.