निरोपाच्या भाषणात मी जे गाळले

आमच्या शासकीय रुग्णालयाच्या ओटीतील, म्हणजे शस्त्रक्रियागृहातील, ज्येष्ठ परिचारिका गेल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त झाल्या. आम्ही सगळ्या त्यांना ताई म्हणतो. माझी ओटीत बदली झाली तेव्हापासून मी त्यांच्याच हाताखाली शिकले आणि पुढे त्यांच्या बरोबरीने उभी राहिले, त्यामुळे निरोप समारंभात सहकाऱ्यांच्या वतीने बोलण्याचे काम मेट्रननी माझ्यावर सोपवले. आमच्याकडच्या निरोपाच्या भाषणांत हसतमुख, मनमिळाऊ आणि कर्तव्यदक्ष ही तीन विशेषणे प्रत्येकाच्या वाट्याला येतात, आणि ज्याला ती दिली जातात त्याच्याविषयी त्यातून काहीही कळत नाही. ती वापरायची नाहीत, एवढे मी आधीच ठरवले होते. प्रश्न होता तो त्यांच्या जागी काय सांगायचे याचा. माझ्याजवळ सांगण्यासारख्या दोन गोष्टी होत्या: एक सर्वांसमोर सांगता येण्याजोगी, दुसरी केवळ आम्हा दोघींची.

पहिली गोष्ट एका रात्रीच्या शस्त्रक्रियेची. अपघातात प्लीहा फाटलेला एक तरुण मजूर आला होता आणि पोटात रक्त साचल्यामुळे त्याचा रक्तदाब सतत घसरत होता. ताई स्क्रब झाल्या होत्या, म्हणजे निर्जंतुक हातांनी टेबलाशी उभ्या राहून शल्यचिकित्सकांना उपकरणे देत होत्या, आणि मी फ्लोअरवर, म्हणजे टेबलाबाहेरून लागेल ते पुरवायला होते. पोटात रक्त टिपण्यासाठी जे मोठे कापडी मॉप वापरतात ते आमच्याकडे पाच-पाचच्या गठ्ठ्यांत येतात. गठ्ठा उघडला की स्क्रब नर्स आणि फ्लोअर नर्स या दोघींनी तो एकत्र, मोठ्याने मोजायचा, फळ्यावर आकडा लिहायचा, आणि पोट शिवण्यापूर्वी व नंतर त्वचा शिवताना तीच मोजणी पुन्हा करायची, असा नियम आहे. नियोजित शस्त्रक्रियेत हे शांतपणे होते. रुग्ण हातातून निसटत असताना मात्र गठ्ठे भराभर फोडले जातात, वापरलेले मॉप कधी बादलीत तर कधी जमिनीवर पडतात, आणि मोजणी तिथेच बिघडते. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आणीबाणीच्या शस्त्रक्रियेत शरीरात वस्तू राहून जाण्याचा धोका सुमारे ९ पट अधिक आढळला होता. त्याहून अस्वस्थ करणारी बाब म्हणजे, जिथे मोजणी झाली होती अशा बहुतेक प्रकरणांत ती बरोबर असल्याचीच नोंद होती. आकडा जुळवून टाकण्याचा मोह किती मोठा असतो, हे ज्यांनी अशी रात्र काढली आहे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

त्या रात्री फळ्यावर २० होते आणि माझ्या मोजणीत १९ भरत होते. प्लीहा काढून झाली होती, रक्तस्राव थांबला होता, भूलतज्ज्ञ लवकर आटपण्याची विनंती करीत होते आणि शल्यचिकित्सकांनी शिवण्यासाठी हात पुढे केला होता. मी बादली रिकामी करून मॉप एकेक करून जमिनीवर पसरले, चादरींच्या घड्या उलगडल्या, ट्रॉलीखाली पाहिले. ताईंनी सुईधारक हातात धरून ठेवला, तो दिला नाही, आणि एवढेच म्हणाल्या, "सर, एक मॉप आत आहे." शल्यचिकित्सकांचा आवाज चढला. ताईंचा चढला नाही. त्यांनी तेच वाक्य त्याच स्वरात पुन्हा उच्चारले. पोर्टेबल एक्स-रे यंत्र आणण्यासाठी वॉर्डबॉय मामा धावत गेले होते, पण ते पोहोचण्यापूर्वीच शल्यचिकित्सकांनी पुन्हा हात घातला आणि डाव्या श्वासपटलाखाली, जिथून प्लीहा काढली होती त्याच पोकळीत, चेंडूसारखा गोळा झालेला मॉप त्यांना सापडला. रक्ताने भिजलेला मॉप डोळ्यांना आतल्या मांसापासून वेगळा ओळखू येत नाही. म्हणूनच त्याला क्ष-किरणांत दिसणारा धागा असतो, आणि म्हणूनच मोजणीचा आग्रह धरावा लागतो.

दुसरी गोष्ट मोजणीची नव्हती. माझे यजमान शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले होते तेव्हा माझी रजा संपली होती आणि बदली परिचारिका मिळत नव्हती, कारण आमच्याकडे रिक्त पदे वर्षानुवर्षे रिक्तच राहतात. त्या काळात माझ्या रात्रपाळ्या ताईंनी स्वतःच्या पाळ्यांखेरीज केल्या. ड्युटी चार्टवर ते अदलाबदल म्हणून दिसते, परंतु बदल्यात त्यांनी माझ्याकडून एकही पाळी कधी मागून घेतली नाही. याविषयी कुठे बोलायचे नाही, असे त्यांनी मला तेव्हाच बजावले होते.

समारंभाच्या दोन दिवस आधी, मादक औषधांच्या कपाटाच्या चाव्या आणि साठा नोंदवही त्या माझ्या ताब्यात देत होत्या. मॉर्फिन, पेथिडिन आणि फेंटानिलच्या कुप्या आम्ही दोघींनी नोंदीप्रमाणे ताडून पाहिल्या, रिकाम्या कुप्याही मोजल्या, सह्या केल्या, आणि मग त्या म्हणाल्या, "भाषणात कामाचं बोल. आपल्या घरातलं काही नको गं." ही सूचना होती की विनंती, हे मला कळले नाही. मी होकार दिला.

त्यामुळे भाषणात मी ती रात्र सांगितली, कोणतेही विशेषण न लावता, एकामागून एक घडले तसे. शल्यचिकित्सकांचा आवाज चढल्याचे तेवढे वगळले, कारण पहिल्या रांगेत त्यांच्यासोबत काम केलेले लोक बसले होते आणि ताईंनीही ते कधी बोलून दाखवले नव्हते. माझा स्वर हलला नाही. ताई स्वतःच्या हातांकडे पाहत ऐकत होत्या. नंतर मेट्रन मला म्हणाल्या, "इतकी वर्षं एकत्र काढलीत आणि डोळ्यांत टिपूससुद्धा नाही?" त्यांचा राग मला समजतो, पण रडणे म्हणजेच जिव्हाळा ही त्यांची समजूत मला मान्य नाही. प्रशिक्षणार्थी मुलींपैकी एकीने चहाच्या वेळी मला विचारले की, शल्यचिकित्सकांनी नाहीच ऐकले तर सुईधारक किती वेळ धरून ठेवायचा? तिला जे पोहोचले ते रडवेल्या भाषणातून पोहोचले नसते, असे मला आजही वाटते.

मला अस्वस्थ करते ते त्यानंतर घडलेले. ताईंची मुलगी माझ्यानंतर बोलली. ती आता नोकरी करते. आईचे कौतुक करताना ती म्हणाली, "माझ्या दहावीच्या वर्षी आई रात्री घरात नसायची. आम्ही चिडवायचो, की तिला आमच्यापेक्षा ओटी जवळची." सभागृहात हशा पिकला आणि ताईही हसल्या. ते वर्ष माझ्या यजमानांच्या आजाराचे होते. तिची आई ज्या रात्री घरी नव्हती, त्यांतल्या कित्येक रात्री माझ्या होत्या.

मी ताईंना दिलेला शब्द पाळला आणि तो पाळणे योग्यच होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सभेत मुलीला उत्तर देणे म्हणजे ताईंचे गुपित त्यांच्या देखत उघडे करणे झाले असते. पण मौन पाळण्याची किंमत ताई आणि मी एवढ्याच दोघी मोजत आहोत असे मी धरून चालले होते, आणि ते तसे नव्हते. त्या मुलीने दहावीच्या वर्षातली आईची अनुपस्थिती मनात एका अर्थाने जपून ठेवली आहे, आणि तो अर्थ अपुरा आहे.

परवा ताईंना फोन करून मी हे सगळे सांगितले आणि मुलीशी बोलू का, असे विचारले. त्या लगेच काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी, त्यांच्या जागी अजून कोणी रुजू झाले का, याची चौकशी केली. झाले नाही, असे मी सांगितले. माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांनी अजून दिलेले नाही, आणि ते मिळेपर्यंत मी त्या मुलीशी काही बोलणार नाही.