मीटरवर पंचावन्न, बॅटरीत शून्य

धुळ्यात ई-रिक्षांच्या बॅटऱ्यांचे काम करताना सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार रेंज कमी झाल्याची असते. पण गेल्या उन्हाळ्यात आलेली एक गाडी वेगळेच गाऱ्हाणे घेऊन आली होती. देवपूर ते बसस्थानक अशा फेऱ्या मारणारा तिचा चालक म्हणाला, "भाऊ, मीटर पंचावन दखाडस अन् गाडी बंद पडस." पांझरेच्या पुलाच्या चढावर, भर गर्दीत, प्रवासी बसलेले असताना ती बंद पडे. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू होई, पन्नास-शंभर मीटर चाले आणि परत थांबे. मीटरवर निम्मी बॅटरी शिल्लक दिसत असल्यामुळे दोष कंट्रोलरचा आहे असे कोणीतरी ठरवले होते, आणि कंट्रोलर बदलूनही झाला होता.

खरी माहिती मिळाली ती बॅटरी कधी बदलली होती का, या प्रश्नातून. या गाडीला मुळात निकेल मँगनीज कोबाल्ट, म्हणजे एनएमसी जातीच्या १४ सेलांचा पॅक होता. तो थकल्यावर उन्हात जास्त सुरक्षित म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेटचा, म्हणजे एलएफपीचा १०० अँपिअर-अवरचा १६ सेलांचा पॅक बसवण्यात आला. चार्जरही बदलला, मीटर मात्र जुनेच ठेवले. यात कोणाला शंका येऊ नये अशीच आकड्यांची जुळणी आहे: एनएमसीचे १४ सेल प्रत्येकी ४.२ व्होल्टने पूर्ण भरले की ५८.८ व्होल्ट होतात आणि एलएफपीचे १६ सेल ३.६५ व्होल्टने ५८.४. वरचे टोक जवळजवळ सारखेच असल्यामुळे मीटर चालते, दिवे लागतात, आकडा दिसतो.

ते मीटर फक्त व्होल्टेज पाहणारे होते: ५८.८ ला शंभर, ४२ ला शून्य आणि मध्ये सरळ रेषा. एनएमसीसाठी ही पद्धत ओबडधोबड असली तरी कामचलाऊ ठरते, कारण त्या सेलचे व्होल्टेज चार्ज उतरेल तसे उतरत जाते. निम्म्या चार्जला सेल साधारण ३.६५ वर असतो आणि वीस टक्क्यांना ३.५ च्या आसपास. एलएफपीचे तसे नाही. चालकाला हे तोंडी सांगून पटले नसते, म्हणून पॅक पूर्ण भरला, निक्रोमच्या कॉइलवर २० अँपिअरचा लोड लावला आणि गाडीचे मीटर शेजारी जोडून ठेवले. अर्धा तास लोड, म्हणजे दहा टक्के चार्ज बाहेर. मग अर्धा तास विश्रांती, आणि नंतर मल्टिमीटरने व्होल्टेज. (मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये एक किलोवॅटची शेगडी पेटवून बसणे हा काही सुखाचा उद्योग नव्हे.)

नव्वद टक्के चार्ज असताना पॅकचे व्होल्टेज ५३.२ आले आणि गाडीचे मीटर ६७ दाखवत होते. दुपारी निम्मा पॅक रिकामा झाला तेव्हा व्होल्टेज ५२.६ होते आणि मीटर ६३. चालक वहीतले आकडे पाहून म्हणाला, "हे तर हालतच नाही." वीस टक्क्यांना ५१.६ व्होल्ट, मीटरवर ५७. दहा टक्क्यांना ५१.१ व्होल्ट, मीटरवर ५४. म्हणजे बॅटरी नव्वदवरून दहावर आली आणि मीटर सदुसष्टवरून चोपन्नवर. त्यानंतरच्या शेवटच्या अर्ध्या तासात चित्र पालटले. व्होल्टेज आधी रेंगाळत आणि मग डोळ्यांदेखत उतरू लागले, सर्वांत कमजोर सेल २.५ व्होल्टला टेकला आणि सेलांवर नजर ठेवणाऱ्या पॅकमधल्या सर्किटने, म्हणजे बीएमएसने, लोड तोडला. लोड सुटताच पॅकचे व्होल्टेज पुन्हा पन्नासच्या जवळ चढले आणि मीटरवर पन्नासच्या खाली-वर आकडा आला. पुलावर गाडी "थोडा वेळ थांबून सुरू होत" होती ती यामुळेच, आणि कंट्रोलरवर संशय गेला तोही यामुळेच.

एलएफपीचे व्होल्टेज असे सपाट का राहते, याचे कारण सेलच्या धन इलेक्ट्रोडमध्ये आहे. डिस्चार्ज होताना लिथियम त्यात शिरते, पण ते सगळीकडे सारखे मिसळत नाही. लिथियम असलेला आणि लिथियम नसलेला असे दोन वेगळे टप्पे शेजारीशेजारी राहतात आणि फक्त त्यांचे प्रमाण बदलते. रसवंतीवरच्या बर्फाची लादी वितळताना शेवटचा तुकडा संपेपर्यंत बर्फ-पाण्याचे तापमान शून्य अंशावरच राहते, तसेच हे दोन्ही टप्पे शिल्लक असेपर्यंत व्होल्टेज जवळजवळ एकाच जागी राहते. एनएमसीच्या थरांमध्ये लिथियम हळूहळू भरत जाते, पदार्थ एकसंध राहून त्याची घडण सतत बदलते, आणि म्हणून व्होल्टेजही सतत घसरते.

मग मीटरचे खालचे आणि वरचे आकडे बदलून ते एलएफपीला जुळवता येणार नाही का, असे चालकाने विचारले, आणि प्रश्न रास्त होता. पण मधल्या पट्ट्यात एका सेलमागे एका टक्क्याला जेमतेम एक मिलिव्होल्ट फरक पडतो. एनएमसीत तो चार-पाच मिलिव्होल्ट असतो. त्यात एलएफपीची आणखी एक खोड आहे: त्याच टक्केवारीला चार्जिंग करून पोहोचलेला सेल, डिस्चार्ज होऊन पोहोचलेल्या सेलपेक्षा विश्रांतीनंतरही काही मिलिव्होल्ट वर राहतो. सपाट भागात एवढ्या फरकाने अंदाज वीस टक्क्यांनीही चुकू शकतो. त्यामुळे व्होल्टेजचे मीटर काढून शंटचे मीटर बसवले, जे पॅकमधून गेलेला आणि आलेला करंट मोजून त्याची बेरीज-वजाबाकी ठेवते. शंट म्हणजे करंट मोजण्यासाठी वाटेत बसवलेला अगदी कमी रोधाचा तुकडा; तो बॅटरीच्या निगेटिव्हला अशा जागी लावला की चार्जर आणि लोड या दोघांचाही सगळा करंट त्यातूनच जाईल.

काही आठवड्यांनी तीच गाडी परत आली. या वेळी मीटरवर तीस टक्के असताना बंद पडली होती. चालक दुपारी जेवायच्या वेळी आणि रात्री मिळेल तेवढा वेळ चार्जिंग करत होता, पण ते पूर्ण कधीच होऊ देत नव्हता. किल्ली बंद असताना क्लॅम्प मीटरने पाहिले तर ट्रॅकर आणि दिव्यांचा कन्व्हर्टर मिळून ०.२ अँपिअर घेत होते, आणि इतका लहान करंट ते मीटर शून्य धरत होते. गाडी चोवीस तास उभी राहिली तर ४.८ अँपिअर-अवर, म्हणजे शंभराच्या पॅकचे जवळजवळ पाच टक्के हिशेबाबाहेर. रोजचे उभे राहण्याचे तास साठत गेले की काही आठवड्यांत ही तूट तीस टक्क्यांच्या घरात जाते. एनएमसीत अशी चूक रात्रीच्या विश्रांतीनंतरच्या व्होल्टेजवरून सुधारून घेता येते. एलएफपीत ती सोय फक्त दोन टोकांना आहे, आणि खालच्या टोकाला प्रवाशांसह कोणी जाऊ नये.

कन्व्हर्टर किल्लीच्या पुढे घेतला, म्हणजे किल्ली बंद केली की तोही बंद होईल. मीटरमध्ये शंभर टक्क्यांची अट ५८ व्होल्टच्या वर आणि करंट ५ अँपिअरच्या खाली अशी घातली, जेणेकरून चार्जिंगच्या शेवटी करंट आपोआप घटला की हिशेब नव्याने सुरू होईल. टेस्लाही एलएफपी बॅटरीच्या गाड्या आठवड्यातून किमान एकदा १०० टक्क्यांपर्यंत चार्ज करायला सांगते. चालकाने त्यासाठी रविवारची रात्र ठरवली. शिवाय कोणताही सेल लोडवर ३ व्होल्टच्या खाली गेला की वाजणारा बझर डॅशबोर्डखाली लावला. तो वाजल्यावर आकडा काहीही असो, पूल चढायचा नाही, एवढे त्याला सांगितले.