घड्याळात बघा, उंदरासमोर घोडा येतो

"तुमच्या सासरी चिनी लोक पत्रिकेऐवजी प्राणी जुळवतात ना? मग मुलामुलीत सहा वर्षांचं अंतर असलं की लग्न होतच नाही असं ऐकलं, ते खरं का?"

हो, सहा वर्षांना घाबरतात, सिंगापूरला आमच्या घरीही घाबरतात. पण ते कुठून आलं हे कळायला घड्याळाची तबकडी डोळ्यासमोर आणा. बाराच्या जागी उंदीर ठेवा, एकवर बैल, मग वाघ, ससा, ड्रॅगन, साप, सहावर घोडा, पुढे शेळी, माकड, कोंबडा, कुत्रा आणि अकरावर डुक्कर. दरवर्षी एक घर पुढे, जन्माच्या वर्षाला जे घर येतं तो आपला प्राणी. आता चार-चार घरं पुढे जात त्रिकोण काढा, बारा-चार-आठ म्हणजे उंदीर-ड्रॅगन-माकड, हे झालं एक त्रिकूट, याला सान-ह म्हणतात, अशी चार त्रिकुटं बसतात. म्हणून चार किंवा आठ वर्षांचं अंतर ऐकलं की मावश्या खूश होतात. आणि बरोब्बर समोरासमोरची घरं म्हणजे टक्कर, उंदीर-घोडा, बैल-शेळी, वाघ-माकड, ससा-कोंबडा, ड्रॅगन-कुत्रा, साप-डुक्कर. समोरचं घर सहा वर्षांनीच येतं, एवढंच त्या सहाचं गुपित.

आपल्याकडे योनी बघताना मांजर-उंदीर, साप-मुंगूस असं प्राण्यांचंच वैर असतं, त्यामुळे आपल्याला वाटतं इथेही तसंच असेल, पण उंदराचं घोड्याशी काय वैर असणार? प्राणी ही फक्त लक्षात राहायला दिलेली नावं आहेत. उंदराचं घर म्हणजे उत्तर दिशा, मध्यरात्र, ऐन हिवाळा. घोड्याचं घर म्हणजे दक्षिण, भर दुपार, ऐन उन्हाळा. टक्कर त्यांची आहे. मला हे कळलं तेव्हापासून "वाघवाली बायको नवऱ्याला खाईल" असलं कोणी बोललं की फार राग येतो, कारण मूळ गणितात तसं काही नाहीच.

त्रिकूट आणि टक्कर सोडून जोड्याही असतात. तबकडीवर किंचित कलत्या आडव्या रेघा मारा, बारा-एक, अकरा-दोन, दहा-तीन, नऊ-चार, आठ-पाच, सात-सहा. या सहा जोड्या लग्नाला त्रिकुटाइतक्याच, काहींच्या मते जास्त चांगल्या, कारण त्यात दोघंच असतात.

आता माझ्या धाकट्या दिराची गोष्ट सांगते, म्हणजे प्रत्यक्षात कसं वाचतात ते कळेल. त्याचा जन्म 28 जानेवारी 1984, मुलीचा 19 ऑगस्ट 1990. मुलीच्या मावशीने साल बघितलं, 1984 उंदीर, 1990 घोडा, सहा वर्षं, सरळ टक्कर, आणि दोन आठवडे तिकडून फोनच बंद. सासूबाई शांत होत्या. म्हणाल्या, माझा मुलगा उंदीर नाहीच, डुक्कर आहे. कारण 1984 चं चिनी नवीन वर्ष 2 फेब्रुवारीला लागलं, त्याच्या आधी जन्मलेला मागच्या वर्षाचा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, जानेवारी-फेब्रुवारीचा जन्म असेल तर नुसत्या सालावर कधीच जाऊ नका. त्यात जन्मकुंडली मांडणारे जाणकार वर्ष नवीन वर्षाच्या दिवशी नाही तर साधारण 4 फेब्रुवारीला, वसंत लागतो तेव्हा बदलतात, म्हणजे 3 फेब्रुवारी 1984 ला जन्मलेलं मूल घरच्यांसाठी उंदीर आणि ज्योतिषासाठी डुक्कर!

डुक्कर-घोडा म्हणजे अकरा आणि सहा, त्रिकूट नाही, जोडी नाही, टक्करही नाही. कोरं. मग दोन्हीकडचे ज्योतिषाकडे गेले आणि त्याने वर्षाकडे जेमतेम बघितलं. त्याच्याकडे जन्माचं वर्ष, महिना, दिवस, वेळ असे चार खांब असतात, प्रत्येकाला आपला प्राणी, आणि जोडीदाराचं घर म्हणजे दिवसाच्या खांबातला प्राणी. दिराचा दिवस कोंबड्याचा निघाला, मुलीचा ड्रॅगनचा. नऊ-चार, आडवी जोडी. मावशींचा चेहरा एकदम खुलला.

पण मला सारखं वाटत राहतं की ती मुलगी फक्त एक दिवस आधी, 18 तारखेला जन्मली असती तर तिचा दिवस सशाचा, आणि ससा-कोंबडा म्हणजे जोडीदाराच्या घरातच टक्कर. माणसं तीच, मुलगी तीच. मी ज्योतिषाला तेव्हा हे विचारलं, तर तो म्हणाला, तरी लग्न मोडा असं सांगितलं नसतं, आधी बाकीच्या खांबात टक्कर सोडवणारा प्राणी आहे का ते बघितलं असतं, टकरीतल्या एकाची जोडी असलेला प्राणी मध्ये आला की तो त्याला आपल्याकडे ओढून घेतो. म्हणजे ससा-कोंबड्याच्या मध्ये कुत्रा किंवा ड्रॅगन. उंदीर-घोड्याच्या घरात बैल वर्षाचं मूल झालं तर म्हाताऱ्या बायका सुटकेचा श्वास टाकतात तो याच हिशोबाने.

म्हणून सहा वर्षांवरून नकार आला तर मी एवढंच सांगते, आधी दोघांच्या पूर्ण तारखा मागा, आणि दिवसाचे प्राणी काढून बघितल्याशिवाय फोन बंद करू नका. दिराच्या वेळी ते दोन आठवडे त्या पोरीने कसे काढले ते मी बघितलंय.