३१ मेचा अल्बम

मे महिना फोटोवाल्यांसाठी लग्नांचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ३१ मेची गर्दी मात्र बाहेरच्याला कळत नाही. आमच्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरळ १ जून टाकून दिलेली. त्यामुळे ५८ वर्षं भरली की ही सगळी मंडळी ३१ मेला एकदमच निवृत्त होतात. त्या आठवड्यात अमळनेरात माझ्या स्टुडिओवर बॅनर, फ्रेमा आणि सत्काराच्या ऑर्डरींची रांग लागते.

त्याच रांगेत एक आबा आले. चोपड्याकडचे केळीवाले शेतकरी. हातात साड्यांच्या दुकानाची पिशवी, तिच्यात जुने फोटो आणि एक रजिस्टर. त्यांचा बालपणीचा दोस्त, एक गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होत होता आणि त्याच्यासाठी आबांना स्वतःच्या हातानं अल्बम करायचा होता. "तयार छापून देतो की," मी म्हटलं. ते म्हणाले, "छापलेला त्याला पोरं देतील. हा मी केलेला पाहिजे. पण भाऊ, माले कातरी सुधी धरता येत नही."

रजिस्टर उघडलं तर पहिली दोन पानं पापडासारखी वळली होती. आबांनी मोबाइलवरचे काही फोटो छापून आणून पांढऱ्या डिंकानं चिकटवले होते. हे हाताचं नाही, डिंकाचं आहे. फोटोच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असतो, तो पाणी पीत नाही. खालचा कागद पितो, फुगतो आणि वाळताना आकसतो. फोटो काही आकसत नाही, मग या ओढाताणीत पान वळतं. नशिबानं जुने फोटो अजून पिशवीतच होते. ते चिकटवले असते तर त्यांची पाठ कायमची गेली असती. आणि जुन्या फोटोची पाठ फार कामाची: स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणीतरी लिहिलेलं नाव, सगळं तिथेच असतं.

मी त्यांना डिंक सोडायला सांगितला आणि कोपरे करायला बसवलं. दोन सेंटिमीटर रुंद, चार सेंटिमीटर लांब कागदाची पट्टी घ्यायची. वरच्या काठाच्या मध्यापासून दोन्ही टोकं खाली दुमडायची, की त्रिकोणी खिसा होतो. दुमडलेली बाजू मागे ठेवून तिला दुहेरी टेपचा तुकडा लावायचा आणि तो पानावर दाबायचा. फोटोचं टोक खिशात जातं आणि फोटोला टेपचा स्पर्शही होत नाही. हवा तेव्हा काढा, पाठ वाचा, परत घाला. पहिले काही कोपरे नुसते चुरगळले. मग आबांची बोटं सरावली. ज्या माणसाला केळीच्या घडावर पिशवी चढवता येते, त्याला हे जमणार नाही असं मला कधीच वाटलं नव्हतं.

खरी भीती वाकडेपणाची होती. त्याला उपाय म्हणून मी जाड पुठ्ठ्याचा, पानाएवढाच एक तुकडा घेतला आणि त्यात चार बाय सहा इंचाची खिडकी कापून दिली. पानाच्या कडांना पुठ्ठ्याच्या कडा भिडवायच्या, खिडकीच्या चार टोकांना पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायचं आणि टिंबावर कोपरा लावायचा. नजर लावायची गरजच नाही. सगळ्या पानांवर फोटो एकाच जागी येतो. अनेक हौशी अल्बम तिरक्या फोटोंनी, चांदण्यांनी, चमकीनं भरलेले असतात. मला ते आवडत नाहीत. आबांना मी चमकी विकत घेऊ दिली नाही, एवढा हट्ट केला.

फोटोंची निवड करताना एक अडचण आली. पहिल्या पानावर त्यांना दोघांचा मोठा, आठ बाय दहाचा फोटो हवा होता. तो पुतण्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला. तिथून साधा पाठवलेला फोटो बहुतेक वेळा लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपास उरतो. चार बाय सहाला तेवढं पुरतं, पण आठ बाय दहाला फोटो फुटतो, चेहरे धुरकट होतात. पुतण्याला फोन लावून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवला. मूळ फाइल आली आणि काम झालं.

पानं ३०० जीएसएमच्या कार्डशीटची, ए फोर, आडवी. डाव्या बाजूला तीन सेंटिमीटर जागा कोरी सोडली, ऑफिसातल्या साध्या पंचानं दोन भोकं पाडली आणि बुटाच्या काळ्या लेसनं बांधायचं ठरवलं. आता इथे बहुतेकांचं गणित चुकतं. फोटो आणि कोपऱ्यांमुळे पानं मध्ये जाड होतात, पण बांधणीकडे पातळच राहतात. मग अल्बम मिटतच नाही, पुढून आ वासून बसतो. म्हणून प्रत्येक दोन पानांमध्ये, भोकांच्या बाजूला, त्याच कार्डशीटची तीन सेंटिमीटरची पट्टी घालायची. तपासणी सोपी आहे: अल्बम टेबलावर मिटून ठेवा, वरचं कव्हर समतल पडलं की झालं. तोंड उघडं राहिलं तर आणखी पट्ट्या घाला. शिवाय पट्टीची कड संपते तिथून चार-पाच मिलिमीटर पुढे, स्टीलची पट्टी ठेवून, संपलेल्या रिफिलनं जोरात एक रेघ ओढायची. त्या रेघेवर पान अलगद वळतं, लेसशी भांडत नाही.

मजकुराशी आबा अडले. "आनंदाचे क्षण" असं त्यांनी तीन पानांवर लिहायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, आबा, जो तिथं नव्हता त्याला सांगताय असं लिहा. कोण, कुठं, आणि फोटो काढल्यावर पुढं काय झालं. मग त्यांची गाडी सुटली. मळ्यातल्या भरीत पार्टीच्या फोटोखाली त्यांनी लिहिलं: "भरीत मीच केलं असं हा गावभर सांगतो. यानं फक्त वांगी आणली, तीही कडू निघाली." सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरीच्या पात्रात पाळण्यासमोर काढलेल्या फोटोखाली लिहिलं: "सन १९९१. पाळण्यातून उतरल्यावर हा तासभर बोलला नाही." जिथं आठवेना, तिथं फोटोतल्या माणसांना त्यांनी दुकानातूनच फोन लावले. माझी गिऱ्हाइकं खोळंबली, पण ती पण ऐकत बसली. शेवटची काही पानं कोरी ठेवली, सत्काराला आलेल्यांनी लिहावं म्हणून.

सत्कार झाला. नंतरच्या आठवड्यात दुपारी दोघंही दुकानात, अल्बम काखेत. गुरुजींनी कार्यक्रमातच यात्रेचा फोटो कोपऱ्यांतून काढून उलटा केला होता. मागं शिक्का, १९८९.

"तू नेहमीच दोन वरीस मागं," गुरुजी म्हणत होते.

"मग ते पान पुढं घे ना! मला काय दाखवतो?"

लेस सोडली. यात्रेचं पान भरीत पार्टीच्या आधी गेलं, पट्टीसकट. डिंकानं आणि पक्क्या बांधणीनं केलेलं असतं तर हे जमलं नसतं. आबांनी १९९१ खोडून १९८९ केलं आणि शेजारी लिहिलं, "मास्तरच्या सांगण्यावरून." कोऱ्या पानांवर आलेल्यांचं लिहून झालं होतं आणि जागा संपली होती, म्हणून गुरुजींनी आणखी दहा पानं घालायला सांगितली. उघडझाप करून भोकांच्या कडा थोड्या फाटायला लागल्या होत्या, तिथं मी मागून गोल स्टिकरच्या चकत्या लावून दिल्या. लेस मात्र आता तोकडी पडली, तेव्हा समोरच्या बुटांच्या दुकानातून लांब मागवली.