सईच्या क्लिपा आणि ‘बिनव्याजी’ हप्त्यांचा हिशेब

सईचा वरचा सुळा दुसऱ्या रांगेत उगवला तेव्हा ती सातवीत होती. ‘पडेल सरकून जागेवर’ म्हणत आम्ही वर्ष घालवलं. शेवटी दाताच्या डॉक्टरबाईंनी दोन एक्स-रे काढून घेतले, जबड्याचा साचा घेतला आणि सांगितलं की जागाच अपुरी आहे. चार छोट्या दाढा काढायच्या, साध्या धातूच्या क्लिपा लावायच्या आणि दीड वर्ष दर महिन्याला तार घट्ट करून घ्यायची. खर्च ६०,००० रुपये.

आकडा ऐकून माझा चेहरा पडला असावा, कारण काउंटरवरची मुलगी लगेच म्हणाली, “ताई, टेन्शन घेऊ नका. नो-कॉस्ट ईएमआय आहे. महिन्याला फक्त पाच हजार, व्याज शून्य.” तिच्या शेजारी टॅब घेऊन फायनान्स कंपनीचा एक मुलगा बसलेला होताच. पॅन नंबर, आधारचा ओटीपी, खात्यातून हप्ता आपोआप कापायची संमती, की झालं. दहा मिनिटांचं काम, असं तो म्हणाला, आणि खोटं बोलला नाही. मी पतसंस्थेत कॅशियर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या कर्जाचे हप्ते जमा करते. तरीही आधार कार्ड पर्समधून काढून झालं होतं.

हात थांबला तो एका साध्या प्रश्नामुळे. “सगळे पैसे एकदम दिले तर?” मुलगी आत जाऊन आली. “एकदम दिलेत तर दहा टक्के कमी. चोपन्न हजार.”

म्हणजे या क्लिपांची किंमत ५४,००० होती. साठ हजार ही उधारीची किंमत होती. फरकाचे सहा हजार म्हणजेच व्याज, फक्त त्याला व्याज म्हणायचं नाही, ‘सवलत मिळणार नाही’ असं म्हणायचं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकारच नसतो. मग इथे व्याज भरतं कोण, ते मी पुढे डॉक्टरबाईंनाच विचारलं. त्या मोकळेपणाने म्हणाल्या, “कंपनी आम्हाला साठ हजार देतच नाही. काही टक्के कापूनच देते. म्हणून त्यावर तुम्हाला डिस्काउंट देणं परवडत नाही.” कंपनीची कमाई दवाखान्याच्या बिलातून कापली जाते आणि दवाखाना ती आपल्या सवलतीतून वळती करतो.

त्या दिवशी मी आधार परत पर्समध्ये टाकलं आणि योजनेचा कागद मागून घेतला. १२ हप्ते पाच-पाच हजारांचे, त्यातले दोन आगाऊ, म्हणजे पहिल्याच दिवशी. प्रोसेसिंग फी १,२०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १,४१६. तेही पहिल्याच दिवशी.

रात्री भांडी आवरल्यावर हिशेबाला बसले आणि पहिली चूक केली. एकूण जाणार ६१,४१६. रोखीचे ५४,०००. फरक ७,४१६. भागिले ५४,०००, म्हणजे साधारण पावणेचौदा टक्के. मनात म्हटलं, वर्षभराच्या उधारीला हे काही वाईट नाही. आमची पतसंस्थासुद्धा याच्या आसपासच घेते.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी हे आमच्या कुलकर्णी साहेबांना दाखवलं. ते वसुली बघतात. त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून विचारलं, “चोपन्न हजार तुम्ही वर्षभर वापरणार आहात का?”

नव्हतेच वापरणार. पहिल्याच दिवशी दोन हप्ते आणि फी मिळून ११,४१६ माझ्या हातून जाणार. म्हणजे खरी उसनवारी ५४,००० वजा ११,४१६, बरोबर ४२,५८४ रुपयांची. तीही महिन्यामहिन्याला उतरत दहा महिन्यांत संपणार. सरासरी काढली तर माझ्याकडे दुसऱ्याचे जेमतेम साडेचोवीस हजारच असणार, आणि त्यावर मी दहा महिन्यांत ७,४१६ मोजणार. हातावरच्या आकडेमोडीत हे नीट बसत नाही म्हणून साहेबांनी कॉम्प्युटरवर शीट उघडली आणि एवढंच लिहिलं:

```
=RATE(10,-5000,42584)
```

यात १० म्हणजे उरलेले हप्ते, ५००० म्हणजे हप्ता आणि शेवटची रक्कम खऱ्या उसनवारीची. उत्तर आलं ३ टक्क्यांहून थोडं जास्त, आणि ते महिन्याचं. वर्षाचे झाले ३६. आमच्या संस्थेने हा दर लावला तर सभासद वार्षिक सभेत खुर्च्या फेकतील.

आता या कहाणीतली मला सगळ्यात गमतीची वाटलेली गोष्ट. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाआधी मुख्य अटींचं पत्रक द्यावं लागतं आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर छापावा लागतो. मी दवाखान्यात जाऊन तो कागद मागितला. टॅबवाल्या मुलाने तो दाखवला, कुरकुर न करता. त्यावर दर होता सहाच्या थोडा वर. माझे छत्तीस आणि कागदावरचे सहा, आणि दोन्ही बरोबर! कंपनीच्या लेखी मी ५०,००० उसने घेणार आणि ५०,०००च फेडणार, म्हणून तिने खर्चात फक्त १,४१६ ची फी धरली. माझी सहा हजारांची सवलत बुडाली हे त्या कागदाला माहीतच नव्हतं, कारण ती बोलणी दवाखान्यात आणि माझ्यात झाली होती. त्यामुळे तो कागद जरूर मागावा, पण ‘रोख दिले तर किती?’ हा प्रश्न त्याच्या आधी विचारावा. उलट क्रमाने गेलं की सहाचा आकडा बघून माणूस सही करून मोकळा होतो.

मग क्रेडिट कार्ड. हे म्हणाले, कार्डाचा ईएमआय तर लुटीच असणार. तपासलं. दवाखाना कार्डावरही ५४,००० च घ्यायला तयार होता. बँकेचा दर १५ टक्के, १२ हप्ते, प्रत्येकी ४,८७४. व्याज ४,४८७. कार्डाच्या ईएमआयमध्ये व्याजावरही १८ टक्के जीएसटी लागतो, हे बरेच जण विसरतात, ते ८०८. फी १९९, जीएसटीसह २३५. एकूण ५९,५३०. म्हणजे उघडपणे १५ टक्के व्याज घेणारं कार्ड ‘शून्य व्याजा’च्या योजनेपेक्षा १,८८६ रुपयांनी स्वस्त पडत होतं, आणि त्यात आगाऊ हप्तेही नव्हते.

तरी रोखीचे ५४,००० सगळ्यात कमी हे दिसतच होतं. पैसे कुठून आणायचे, एवढंच. ऑफिसातल्या भिशीचे ३०,००० माझ्या हातात येणार होते आणि बँकेत ५०,००० ची ठेव होती, ७ टक्क्यांची, पंधरा महिन्यांपैकी दहा झालेली. मोडली असती तर दंड आणि कमी दर मिळून सव्वासहाशे रुपये बुडाले असते, शिवाय पुढच्या पाच महिन्यांचं व्याज. सगळं धरून दोन हजारांच्या फार वर काही जात नव्हतं. सहा हजार वाचवायला दोन हजार गेले तरी चालले असते.

अडत होतं दुसरीकडे. यांची नोकरी बदलीची. मध्येच ऑर्डर आली तर आम्ही नाशकात राहूच याची खात्री नाही, आणि अर्ध्यातल्या क्लिपा दुसऱ्या गावचा डॉक्टर सहजासहजी हातात घेत नाही. घेतलाच तर आपले पैसे वेगळे लावतो. सगळे पैसे आधी दिले तर परत मागायला जायचं कोणत्या तोंडाने? फायनान्स कंपनीच्या बाबतीत तर हे आणखी वाईट. तिने सगळे पैसे दवाखान्याला सुरुवातीलाच दिलेले असतात. उपचार थांबला, दवाखान्याशी वाद झाला, तरी कर्ज आपल्या नावावर चालूच राहतं आणि हप्ता खात्यातून कापला जातो. शेजारच्या इमारतीतल्या एका ताईंच्या मुलाच्या क्लिपा सातव्या महिन्यात काढून टाकाव्या लागल्या, हप्ते मात्र बाराव्या महिन्यापर्यंत गेले.

म्हणून डॉक्टरबाईंना भेटून सरळ विचारलं की जुन्या पद्धतीने, येईन तसे पैसे दिले तर चालतील का. काउंटरवर हा पर्याय कुणी सांगितलाच नव्हता. त्या म्हणाल्या, “चालतील की. क्लिपा बसवताना पंधरा हजार आणि मग दर भेटीला अडीच, अठरा भेटी.” एकूण पुन्हा साठच. पण फी नाही, कंपनी नाही, आणि काम थांबलं तर पैसेही थांबणार. याचा दर काढला तर साडेअठराच्या आसपास आला. छत्तीसच्या निम्मा.

शेवटी मधला रस्ता निघाला आणि तो घासाघीस करून निघाला. ३०,००० क्लिपा बसवताना, २६,००० सहा महिन्यांनी. एकूण ५६,०००. रोखीपेक्षा दोन हजार जास्त. व्याजाच्या भाषेत बोलायचं तर २४,००० रुपये सहा महिने थांबवायचे २,०००, म्हणजे वर्षाला जवळजवळ सतरा टक्के. महाग आहे, मला ठाऊक आहे. पण ठेव मोडावी लागली नाही, आणि बदलीच्या टांगत्या तलवारीखाली सगळी रक्कम अडकवण्यापेक्षा मला ते पटलं. हे म्हणाले, “दोन हजारांना झोप विकत घेतलीस.” बरं, घेतली.

सगळं डॉक्टरबाईंच्या लेटरहेडवर लिहून घेतलं. काय धरलंय आणि काय नाही, यावर मी जरा जास्तच वेळ खाल्ला, कारण ५४ की ६० यावर डोकं फोडताना इकडे गळती होते. दाढा काढायचे पैसे वेगळे निघाले, चार दाढांचे ४,८०० . क्लिपा निघाल्यावर दात परत सरकू नयेत म्हणून घालायचा रिटेनरही वेगळा होता. तो वरचा-खालचा मिळून ५६,००० मध्येच बसवून घेतला. दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट निघून पडलं तर पहिली दोन फुकट, पुढच्या प्रत्येकाला ४०० रुपये. आणि सहा महिन्यांच्या आत बदली झाली तर दुसरा हप्ता द्यायचा नाही, एक्स-रे आणि साचे आम्हाला द्यायचे, हेही लिहिलं.

ऑगस्टमध्ये क्लिपा बसल्या. पहिला आठवडा सईने मऊ भात आणि वरणावर काढला, तारेचं टोक गालाला टोचायचं तिथे मेण लावून शाळेत गेली. बदलीची ऑर्डर आली नाही. जानेवारीत ठेव पिकली आणि फेब्रुवारीत २६,००० देऊन मी पावती घेतली, जुन्या कागदाला टाचणी लावून ठेवली.

पावती फाडताना काउंटरवरच्या मुलीने आणखी एक पावती पुढे सरकवली. ४०० रुपये. तिसरं ब्रॅकेट. संक्रांतीला आजीने केलेली कडक तिळाची वडी सईने माझ्या नजरेआड मागच्या दाढेखाली धरली होती.