अंगठा आला, म्हणून आम्ही गोळ्या बांधल्या

चवथीच्या आदल्या आठवड्यात फोंड्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. माटोळीचं सामान रस्त्यावर येतं आणि आमच्या औषधाच्या दुकानासमोर स्कूटर लावायलाही कोणी जागा देत नाही. म्हणून त्या दिवसांत लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतात. नमस्कार नाही, नाव नाही, नुसता फोटो. गोळ्यांचं पाकीट, सिरपची बाटली, चुरगळलेली चिठ्ठी. आम्ही बघतो, कपाटातून काढतो, पिशवीवर नाव टाकतो. बहुतेक वेळा माणसाला तेच हवं असतं, त्यामुळे विचारायची सवयच राहत नाही.

त्या सोमवारी रात्री साडेआठच्या सुमारास असाच एक फोटो आला. मेथोट्रेक्सेट, 10 मिलिग्रॅम. दहाच्या पाकिटातली सात घरं फुटलेली, तीन गोळ्या शिल्लक. फोन आमच्या काउंटरवरच्या मुलाच्या हातात होता. त्यानं लिहिलं, ‘2 स्ट्रिप ठेवतो, उद्या पोरगा आणून देईल.’ पलीकडून अंगठा आला. पिशवी बांधून झाली.

सकाळी मी पिशव्या बिलांशी ताडून पाहतो. ही माझी जुनी खोड आहे, आणि पोरं त्यावर हसतात. या पिशवीवर हात थांबला. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी देतात तेव्हा ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. दिवस ठरलेला असतो, आणि बाकीच्या दिवसांत या औषधाला हातही लावायचा नाही. दहा गोळ्यांचं पाकीट म्हणजे दहा आठवडे. जुनं बिल काढलं तर ते बरोबर आदल्या सोमवारचं. म्हणजे सात दिवसांत सात गोळ्या.

चिठ्ठीचा फोटो आमच्याकडे होता. डॉक्टरांनी नीट लिहिलं होतं: 1-0-0, आणि पुढे आठवड्यातून एकदा, रविवारी. गोळ्याही चारच लिहिलेल्या. आम्ही मात्र अख्खं पाकीट दिलं होतं, कारण कापून दिलं की उरलेले तुकडे आमच्याच कपाटात पडून राहतात. आणि कागदी पाकिटावर आमच्या माणसानं फक्त ‘1-0-0’ उतरवलं होतं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री नाही. आपल्याकडे ही खूण पाहून ‘रोज सकाळी एक’ असं न वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. त्या घरी चूक पोचवली ती आम्हीच, हे आधी सांगून टाकतो.

फोन लावला. सूनबाईंनी उचलला. मी विचारलं, ‘काल फोटो कशासाठी पाठवला होता?’

‘आजींचं तोंड आलंय. पेजसुद्धा गिळवत नाही त्यांना. ही गोळी सोसत नाही की काय, ते विचारायचं होतं.’

‘मग लिहिलं का नाही?’

‘लिहायला घेतलं तेवढ्यात तुमचा निरोप आला. आणखी दोन पाकिटं पाठवतो म्हणालात, तेव्हा म्हटलं, दुकानवाल्यांनी बघितलंय, चालू ठेवायची असणार. आज सकाळचीही दिली.’

आठवी गोळी आमच्या निरोपावर गेली.

या औषधाची मात्रा जास्त झाली की पहिली खूण बहुधा तोंडात दिसते. फोड, जळजळ, मग जुलाब, ताप. आत हाडाच्या मगजात रक्तपेशी तयार होणं मंदावत असतं, आणि ते बाहेरून कळत नाही. म्हाताऱ्या माणसाची किडनी थकलेली असली तर औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. मी सांगितलं, उरलेल्या गोळ्या, आमचं पाकीट आणि चिठ्ठी घेऊन लगेच बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात निघा, आणि तिथं पहिलं वाक्य हेच बोला की आठवड्याची गोळी आठ दिवस रोज घेतली. पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या. फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं चालू झाली. चवथ आजींनी वॉर्डात काढली, पण घरी परतल्या.

काउंटरवरच्या मुलाला मी आधी खूप बोललो. नंतर लाज वाटली, कारण त्याच्या जागी मीही तेच लिहिलं असतं. त्यानं फोटोत जे दिसत होतं ते बरोबर वाचलं होतं: औषध कुठलं, ताकद किती, किती संपलं. चुकलं ते पुढचं. फोटोत गोळी दिसते, माणसाचं मन दिसत नाही. संपत आलेलं पाकीट ‘अजून द्या’ म्हणतं तसंच ‘एवढ्या घेतल्या, बरोबर ना?’ असंही म्हणू शकतं. आणि आपला अंदाज चुकला तर समोरचा दुरुस्त करील, हा भरवसा दुकानात तरी फोल आहे. औषधवाल्यानं ठामपणे काही सांगितलं की आपलाच प्रश्न खुळा होता असं वाटून लोक गप्प बसतात आणि अंगठा पाठवतात.

मग आम्ही उलट टोकाला गेलो. फोटो आला की ‘काय हवंय?’ असं विचारायचं. दोन दिवसांत कळलं की दुकानदारानं ‘काय हवंय’ म्हटलं की तोही अंदाजच झाला, घेण्याचा. शिवाय उत्तर टाइप करायचं म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर येतं. मग मी हौसेनं सात पर्यायांची यादी केली: किंमत, मुदत, परत करणं, बदली कंपनी, सगळं. ती कोणी वाचलीच नाही.

आता मजकूर एवढाच आहे, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या तयार उत्तरांत ठेवलेला. तिरकी रेघ आणि एक अक्षर टाइप केलं की समोर येतो. पहिली ओळ मात्र दर वेळी हातानं लिहायची:

फोटो मिळाला. मेथोट्रेक्सेट 10, सात गोळ्या संपलेल्या दिसतात.
1 – कशी घ्यायची ते विचारायचंय
2 – घेतल्यावर त्रास होतोय
3 – अजून हवी आहे
आकडा पाठवा, नाहीतर बोलून पाठवा.

‘अजून हवी’ मी मुद्दाम शेवटी ठेवलं. वर होतं तेव्हा लोक न वाचताच 1 दाबत. आणि या तीन ओळींना अंगठा आला तर त्याचा अर्थच लागत नाही, म्हणून फोन करावा लागतो. त्या रात्री आम्हाला अंगठ्यातून होकार वाचता आला, तो आता वाचता येत नाही. काही बायकांनी सांगितलं की दुकानाला त्रासाबद्दल विचारता येतं हेच त्यांना माहीत नव्हतं. मला हे ऐकून आनंद व्हावा की वाईट वाटावं, ठरत नाही.

पहिल्या ओळीचंही एक कारण आहे. ती लिहिताना घरं मोजावी लागतात. मोजताना खटकलं तर आकड्याची वाट बघायची नाही, सरळ फोन. आठवड्याच्या गोळ्या आता मोजून चारच कापून देतो आणि पाकिटावर वार लिहितो. उरलेले तुकडे पडून राहतात, मालक कुरकुरतात.

काउंटरवरच्या मुलाला हे सगळं अजून पटलेलं नाही. परवा खोकल्याच्या रिकाम्या बाटलीचा फोटो आला. त्यानं तोंड वाकडं करून तीन ओळी पाठवल्या. मिनिटाभरात उत्तर आलं: 3. ‘सांगितलं होतं ना,’ म्हणत तो बाटली काढायला गेला.