मदत मागावी ती अशी

सकाळी मी पैसे घातलेल्या एका स्टार्टअपवाल्या पोराचा महिन्याचा इन्व्हेस्टर अपडेट आला, पहिल्याच ओळीत बँकेत ३६ लाख, येणारं वजा करून महिन्याला ६ लाख जातात, म्हणजे रनवे ६ महिने.

खाली लिहिलेलं, शिरोलीतल्या एका फौंड्रीनं ट्रायलनंतर आमचं सॉफ्टवेअर बंद केलं, कारण रात्रपाळीत रिजेक्शनची नोंद कुणी भरतच नव्हतं, आता दोन बटणांत भरता येईल असं करतोय.

आणि शेवटी, "गोकुळ शिरगावात कास्टिंग रिजेक्शननं वैतागलेल्या एका क्वालिटी हेडची ओळख या शुक्रवारपर्यंत करून द्याल का?"

मी लगेच फोन लावला. नुसतं "ओळखी असतील तर सांगा" असं आलं की मी तरी कुणाला फोन लावणार?

वाईट महिन्यात बरेचजण अपडेटच पाठवत नाहीत, मग पैसे संपताना एकदम फोन येतो, तेव्हा नवीन फंडिंगला वेळ तरी कुठला उरतो?